आभाराची तीन मिनिटे

शाळेच्या स्नेहसंमेलनात आभार प्रदर्शनाची वेळ येते तेव्हा समोरचे श्रोते थकलेले असतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, अहवाल वाचन, बक्षीस समारंभ, पाहुण्यांचे मनोगत आणि अध्यक्षीय भाषण एवढे सगळे झालेले असते. पडद्यामागे पाचवीची मुले कोळीनृत्याचे कपडे घालून तासभर उभी असतात आणि त्यांच्या गालांवरची लाली घामाने ओघळू लागलेली असते. आमच्या माध्यमिक शाळेत हे आभार मानायचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. पहिली काही वर्षे मी ते वाईट केले, म्हणून त्याविषयी सांगण्यासारखे माझ्याजवळ थोडे आहे.

पहिला प्रश्न जागेचा. आभार औपचारिक कार्यक्रमाच्या शेवटी, विविध गुणदर्शन सुरू होण्यापूर्वी असावेत. काही शाळा ते नाचगाण्यांच्याही नंतर ठेवतात. तोवर पाहुणे निघून गेलेले असतात, पालक मुलांच्या चपला शोधत असतात आणि आभार रिकाम्या खुर्च्यांना ऐकवले जातात. दुसरी गोष्ट वेळेची. उघड्या मैदानात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, त्यासाठी शासनाने खास सवलत दिलेली असावी लागते. भाषणे लांबली की कात्री लागते ती मुलांच्या कार्यक्रमाला. महिनाभर तालीम केलेला नाच रद्द झाल्याचे मुलांना सांगताना काय होते ते मी पाहिले आहे. म्हणून आभाराला तीन मिनिटे, त्याहून जास्त नाहीत. सावकाश बोलले तर तीन मिनिटांत साधारण तीनशे शब्द मावतात, म्हणजे वहीचे दीड-दोन पान.

एवढ्या जागेत सगळ्यांना बसवायचे तर क्रम पक्का हवा. आधी अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे, मग संस्थेचे पदाधिकारी आणि पालक-शिक्षक संघ, मग देणगीदार आणि ग्रामस्थ, त्यानंतर शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, पालक आणि शेवटी विद्यार्थी. हा क्रम मोडू नये. व्यासपीठावरची माणसे मान म्हणून तो अपेक्षित धरतात आणि ते योग्यच आहे. ऊब आणायची ती क्रमाच्या आत, आणि तिचा माझा उपाय साधा आहे : नावापाठोपाठ क्रियापद हवे. ‘मंडप व्यवस्थेबद्दल अमुक यांचे आभार’ हे वाक्य कुठल्याही शाळेत चालेल. ‘काल रात्री वारा सुटला तेव्हा मंडपवाले दादा जेवणाच्या ताटावरून उठून दोर आवळायला आले’ हे वाक्य फक्त त्याच मंडपात, त्याच संध्याकाळी म्हणता येते.

एका वर्षी माझ्या यादीतून आमचे शिपाई मामा राहून गेले. तीन दिवस वर्गातली बाके मैदानात आणणारे तेच, आणि मी बोलत असताना पडद्याची दोरी धरून विंगेत उभे असलेलेही तेच. शेवटी मी ‘अनवधानाने कुणाचे नाव राहिले असल्यास क्षमस्व’ हे ठरलेले वाक्य म्हटले. मामांनी काहीच बोलून दाखवले नाही, पडदा वेळेवर ओढला. ते वाक्य मी त्यानंतर कधी उच्चारले नाही.

चूक यादी करण्याच्या पद्धतीत होती. मी माणसे आठवत बसे आणि आठवतात ती मोठ्या खुर्चीवरची माणसे. पुढे मी कामे आठवू लागले. संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी कागद घेऊन फाटकापासून रंगमंचापर्यंत चालायचे आणि जे दिसेल त्यापाशी थांबायचे. ही रांगोळी कुणी काढली? या खुर्च्या कुठून आल्या? पिण्याच्या पाण्याचे पिंप कोण भरतो? दिवे, ध्वनिक्षेपक, पडदा, कपडे, रंगभूषा, मुलांच्या खाऊची पाकिटे, या प्रत्येक ठिकाणी एक तरी नाव निघते. नाव कसे उच्चारायचे तेही त्याच माणसाला विचारून घ्यायचे, कारण चुकीच्या आडनावाने मानलेले आभार ऐकणाऱ्याला बोचतात.

मसुद्यात पाहुण्यांच्या नावाखाली मी दोन ओळी कोऱ्या ठेवत असे. त्या भरायच्या पाहुणे बोलत असताना. त्यांच्या भाषणाचा सारांश सांगायचा नाही, तो श्रोत्यांनी नुकताच ऐकलेला असतो. एखादी बारीक गोष्ट उचलायची. एकदा आमच्याच शाळेची माजी विद्यार्थिनी पाहुणी म्हणून आली होती, सरकारी रुग्णालयात परिचारिका. बोलता बोलता ती म्हणाली की सातवीत ती खिडकीजवळच्या बाकावर बसायची. मी तेवढेच टिपून घेतले. त्या दिवशीचे आभार साधारण असे झाले :

‘अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुण्या ताई, संस्थेचे पदाधिकारी, ग्रामस्थ, पालक, सहकारी आणि माझ्या मुलांनो, शाळेच्या वतीने मी आभार मानायला उभी आहे.

ताई, सातवीतले तुमचे ते खिडकीजवळचे बाक अजून तिथेच आहे. सोमवारी त्यावर बसणारी मुलगी आत्ता समोर बसली आहे आणि तिने तुमचे बोलणे ऐकले आहे. रात्रपाळी संपवून तुम्ही थेट इथे आलात, शाळा तुमची आभारी आहे. अध्यक्ष महोदय, प्रत्येक बक्षीस देताना तुम्ही मुलाचे नाव विचारलेत. मुले ते विसरणार नाहीत.

संस्थेने यंदा रंगमंचाला नवे छप्पर दिले, पालक-शिक्षक संघाने खाऊचा खर्च उचलला, गावातल्या तरुणांनी दोन दिवस मैदान सपाट केले. या सर्वांचे मनापासून आभार.

शाळा सुटल्यावर रोज दीड तास थांबून तालमी घेणारे माझे सहकारी, बाके वाहणारे आणि या क्षणी पडद्याची दोरी धरून उभे असलेले आमचे मामा, दिवे आणि आवाज सांभाळणारे दादा, घरच्या साड्यांचे लुगडे-धोतर करून देणाऱ्या आया, तुमच्यामुळे आजची संध्याकाळ उभी राहिली.

आणि मुलांनो, पडद्यामागे एवढा वेळ शांत उभे राहिलात, त्याबद्दल तुमचे आभार. आता रंगमंच तुमचा. धन्यवाद.’

घड्याळ लावून वाचले तर याला दोन मिनिटांच्या आसपास लागतात. उरलेला वेळ टाळ्यांसाठी आणि थांबण्यासाठी. ‘आभार’ हा शब्द दर नावाला येत नाही हे लक्षात आले असेल. एका गटाला तो एकदा पुरतो, बाकीचे काम क्रियापद करते.

आमच्याकडे काही वाक्ये वर्षानुवर्षे फिरत राहतात. ‘आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून’, ‘शब्दसुमनांनी’, ‘आभार न मानता आम्ही आपल्या ऋणातच राहू इच्छितो’. शेवटचे तर मला मुळीच पटत नाही, कारण आभार मानायला उभे राहून ते न मानण्याची ती सबब आहे. मसुदा वाचताना अशा वाक्यावर काट मारावी आणि त्या जागी त्या माणसाने काय केले ते लिहावे.

ठीक जमले की नाही हे ओळखायला टाळ्या मोजू नयेत. नाव घेतले त्या क्षणी ते माणूस आणि त्याच्या शेजारचे लोक काय करतात ते पाहावे. त्या वर्षी मामांचा उल्लेख झाला तेव्हा दहावीच्या मुलांनी विंगेकडे बोट दाखवले आणि सगळा मंडप तिकडे वळला.

यंदा तुमच्या शाळेत हा कागद तुमच्या हाती आला, तर लिहायला बसण्याआधी फाटकापासून रंगमंचापर्यंत एकदा चालून या.