फॅन फिरतो, पण वाफ जाते का?

इलेक्ट्रिकच्या दुकानात बाथरूमसाठी एक्झॉस्ट फॅन मागितला की काउंटरपलीकडून एकच प्रश्न येतो : सहा इंची की आठ इंची? इंच हे भिंतीतल्या भोकाचं माप झालं. वाफ किती जाणार, हे त्यावरून कळत नाही. ते कळायला तासाला किती हवा बाहेर पडते हा आकडा लागतो. खोक्यावर तो बारीक अक्षरात असतो, सीएमएच म्हणजे तासाला घनमीटर किंवा सीएफएम म्हणजे मिनिटाला घनफूट. एक सीएफएम म्हणजे साधारण १.७ सीएमएच.

ठाण्या-पुण्यातल्या टूबीएचकेमध्ये सर्रास दिसणारं अटॅच्ड बाथरूम घेऊ. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, फॉल्स सीलिंगपर्यंत आठ फूट उंच. आत ३२० घनफूट हवा. तासाभरात ही हवा आठ वेळा बदलावी असा प्रघात आहे. ३२० ला आठने गुणून साठने भागलं की उत्तर येतं ४३ सीएफएम. अमेरिकेतल्या ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेचं घरांसाठीचं मानक बाथरूम कितीही लहान असलं तरी, फॅन गरजेपुरता लावायचा असेल तर, किमान ५० सीएफएम मागतं. तोच आकडा धरू. म्हणजे ८५ सीएमएच.

एवढ्यावर माणूस खूश होतो, कारण साध्या सहा इंची फॅनच्या खोक्यावरसुद्धा अडीचशे-तीनशे सीएमएच लिहिलेलं असतं. तिप्पट ताकद! तरीही त्याच घरात छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसतात आणि टाइल्सच्या फटी काळवंडतात. खोक्यावरचा आकडा खोटा नसतो. पण तो फॅनच्या पुढे-मागे काहीही नसताना मोजलेला असतो. पाइप, वळण, जाळी, बंद दार यांतलं एकेक जोडत गेलं की तो घसरतो.

किती घसरतो ते आपल्या बाथरूमवरच बघू. फॅन फॉल्स सीलिंगमध्ये आहे, त्याला चार इंची पीव्हीसी पाइप जोडलाय. तो तीन मीटर जाऊन दोन वळणं घेतो आणि बाहेरच्या भिंतीत झडपेच्या जाळीतून बाहेर पडतो. ८५ सीएमएच हवा या पाइपातून सेकंदाला तीन मीटर वेगाने जाते. तिला जो अडथळा होतो तो पास्कलमध्ये मोजतात. दहा पास्कल म्हणजे एक मिलिमीटर उंच पाण्याच्या थराचा दाब. सरळ पाइपात साधारण चार पास्कल जातात. नळकामातल्या काटकोनी एल्बोला प्रत्येकी पाच, म्हणजे दोनांचे दहा. जाळी आणि झडप मिळून आणखी दहा. एकूण चोवीस. पाण्याचा जेमतेम अडीच मिलिमीटर थर. तो तुम्हाला फुंकरीनेही ढकलता येईल, पण पात्यांचा साधा घरगुती फॅन एवढ्यातच दमतो. असे बरेच लहान फॅन तीस-चाळीस पास्कलला हवा ढकलणं जवळजवळ थांबवतात. पाती फिरत राहतात, आवाजही येत राहतो.

आता कंत्राटदार म्हणतो, 'चार इंची पाइप बीमखालून जात नाही, तीन इंची टाकू, एका इंचाने काय होतंय?' पुष्कळ होतं. तेवढीच हवा तीन इंची पाइपातून न्यायची तर सरळ भागातला अडथळा चौपट होतो आणि वळणं-जाळीतला तिपटीहून जास्त. चोवीसचे जवळपास ऐंशी पास्कल होतात आणि साधा फॅन तिथे जागच्या जागी गरगरत राहतो. म्हणून फॅनच्या तोंडाचा जो व्यास आहे, तोच व्यास शेवटपर्यंत ठेवायचा. मोठा केला तर उत्तम, लहान कधीच नाही.

दुसरा घोळ ॲल्युमिनियमच्या चुणीदार फ्लेक्झिबल पाइपचा. तो ताणून लावला तर चालून जातो. पण कापायचा कंटाळा म्हणून सहा फुटांच्या अंतरात दहा फूट पाइप कोंबून ठेवतात. मग चुण्या मिटत नाहीत, मधेच तो लोंबकळतो, आणि सरळ भागातला अडथळा चार-पाच पट होऊ शकतो. लोंबकळलेल्या भागात वाफेचं पाणी साचतं ते वेगळंच. पाइप पीव्हीसीचा असो की चुणीदार, उतार बाहेरच्या बाजूला हवा. त्यामुळे वाफेचं पाणीही बाहेर जातं आणि कोसळता पाऊस आत येत नाही. फॉल्स सीलिंग बंद करण्याआधी मात्र स्टुलावर चढून स्वतः डोकावून बघावं, कारण पाइप जोडलेलाच नाही आणि फॅन सगळी वाफ फॉल्स सीलिंगच्या पोकळीत फेकतोय, हे अजिबात दुर्मीळ नाही. अशा घरात खाली सगळं पांढरंशुभ्र असतं आणि वर स्लॅबला बुरशीची लव चढलेली असते.

जुन्या इमारतींत पाइपच नसतो. तिथे लुव्हर खिडकी असते, म्हणजे तिरक्या काचांची, आणि दोन-तीन काचा काढून त्या जागी फॅन बसवलेला असतो. अडथळा जवळजवळ शून्य, म्हणजे हा फॅन छान चालायला हवा. चालतोही, पण वाफेसाठी नाही. फॅनला लागून असलेल्या काचांच्या फटी उघड्या राहतात आणि हवा नेहमी जवळची वाट धरते. बाहेरची हवा शेजारच्या फटीतून आत येते आणि फॅनमधून लगेच परत बाहेर जाते. शॉवरखालची वाफ जागेवरून हलत नाही. यावर मोठा फॅन हा उपाय नव्हे. फॅनभोवतालच्या फटी ॲक्रिलिकच्या तुकड्याने बंद करायच्या, एवढंच.

फटी बंद केल्या की हवा येणार कुठून? दाराखालून, आणि इथेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. आपल्याकडे बाथरूमला संगमरवरी उंबरा असतो, त्यावर दार घट्ट बसतं, पावसाळ्यात लाकूड फुगलं की आणखी घट्ट. सत्तर सेंटीमीटर रुंद दाराखाली एक सेंटीमीटर फट असेल, तर ८५ सीएमएच हवा त्यातून ओढायला अंदाजे वीस पास्कल लागतात. म्हणजे जवळजवळ अख्ख्या पाइपाएवढा अडथळा एका फटीत! तीच फट दोन सेंटीमीटर केली की पाचवर येतो. सुताराकडून दार तासून घेणं किंवा दाराच्या खालच्या भागात जाळीची पट्टी बसवणं हे काम महागडा फॅन घेण्यापेक्षा स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा जास्त उपयोगी.

या सगळ्यानंतर फॅन निवडताना दुकानदाराला इंच विचारू नयेत. 'पंचवीस-तीस पास्कलला किती हवा देतो?' असं विचारावं. बऱ्या कंपन्या माहितीपत्रकात याचा आलेख देतात. पाइप लांब असेल तर पात्यांच्या फॅनऐवजी ब्लोअर प्रकारचा घ्यावा, तो दाबाला इतक्या सहज हार मानत नाही. उलट थेट भिंतीत बसणारा असेल तर साधा सहा इंची पुरून उरतो. गरजेच्या चौपट फॅन लावून फायदा नाही. तो बेडरूममधली एसीची थंड हवा ओढून नेतो आणि नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलं असेल तर गटाराचा वास आत खेचतो. बाथरूममध्येच गॅस गिझर असेल तर मामला जिवावरचा आहे. दार-खिडकी बंद असताना फॅन गिझरचा धूर बाहेर जाऊ न देता आतच ओढून घेऊ शकतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा. फॅन हा त्यावरचा तोडगा नव्हे.

आपल्या घरात काय चाललंय हे बघायला उदबत्ती पुरते. अंघोळ नसताना दार बंद करून फॅन लावा. दाराच्या फटीशी धूर धरला की तो ठामपणे आत वळला पाहिजे, आणि शॉवरच्या कोपऱ्यात धरला की संथपणे का होईना फॅनकडे सरकला पाहिजे. फटीशी धूर सरळ वर जात असेल तर फॅन हवा दुसरीकडून घेतोय, किंवा घेतच नाहीये. आकडा हवा असेल तर कचऱ्याची मोठी, साधारण शंभर लिटरची पिशवी हवेने फुगवून तिचं तोंड फॅनच्या जाळीवर सगळीकडून दाबून धरा. ८५ सीएमएचला ती चारेक सेकंदांत रिकामी व्हायला हवी. दहा सेकंद लागले तर तुम्हाला पस्तीसच्या आसपास मिळतंय.

एवढं सगळं जमूनही जुलैत बुरशी येते, तेव्हा लोक फॅनला शिव्या देतात. त्यात फॅनचा दोष थोडाच असतो. फॅन हवा सुकवत नाही, फक्त बदलतो. पावसाळ्यात २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर बाहेरच्या दर घनमीटर हवेत आधीच सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. अंघोळीनंतर बाथरूमची हवा २८ अंशांना पूर्ण भरली, तरी तिच्यात साधारण २७ ग्रॅम मावतं. फरक चार ग्रॅमचा. ८५ सीएमएचचा फॅन तासाभरात फार तर साडेतीनशे ग्रॅम पाणी बाहेर नेईल, प्रत्यक्षात त्याहून कमी. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी बाहेर आठेक ग्रॅम असतं, आत २२ अंशांना १९ ग्रॅम. तोच फॅन जवळजवळ तिप्पट काम करतो.

आता भिंती आणि जमीन यांवर अंघोळीनंतर पाण्याची पातळ साय उरते. दहा चौरस मीटरवर वीसावा हिस्सा मिलिमीटर जरी धरली तरी अर्धा लिटर. पावसाळ्यात ती फॅनने वाळवायला दोन-अडीच तास लागतील, वायपरने भिंत ओढायला एक मिनिट. म्हणून आधी वायपर, मग फॅन. अंघोळ सुरू करतानाच फॅन लावावा आणि टायमर स्विच बसवून हिवाळ्यात नंतर अर्धा तास, पावसाळ्यात दीड-दोन तास चालू ठेवावा. आंघोळ संपली की दिवा बंद आणि त्याच बटणावर फॅनही बंद, ही जोडणी असेल तर वायरमनला बोलावून ती आधी वेगळी करून घ्यावी.

आणि तरीही डाग हटेना, तर तो वाफेचा आहे का हे बघा. वाफेची बुरशी कोपऱ्यांत, छताच्या कडेला किंवा एसी असलेल्या खोलीला लागून असलेल्या थंड भिंतीवर ठिपक्याठिपक्यांनी पसरते आणि दुपारपर्यंत ती जागा हाताला कोरडी लागते. पिवळट कडेचा, गोलसर, दुपारीही ओला लागणारा डाग असेल, तर तो वरच्या मजल्याच्या नहाणीतून आलाय. तिथे फॅनचं काम नाही, सोसायटीच्या प्लंबरचं आहे.