फाइल सर्व्हरच्या आत (भाग 7) : न वाचली जाणारी रोजकीर्द

मागच्या भागात आपण पाहिलं, की झेडएफएस लिहायला आलेला डेटा आधी मेमरीत जमवते आणि साधारण दर 5 सेकंदांनी एकगठ्ठा डिस्कवर उतरवते. मधल्या वेळात वीज गेली तर तेवढा डेटा गेला. बऱ्याच प्रोग्रॅमना हे चालतं. काहींना मात्र नाही. ते म्हणतात, डेटा कायमच्या जागी पोचेपर्यंत ‘झालं’ असं मला सांगू नकोस. हे झालं सिंक लेखन.

अशा लेखनासाठी झेडएफएस दुकानदारासारखी एक रोजकीर्द ठेवते. तिचं नाव इंटेंट लॉग, बोलताना ‘झिल’. आलेली नोंद तिथे झटकन खरडायची, क्लायंटला होकार द्यायचा आणि खतावणी नंतर सावकाश. पण दुकानात खतावणी रोजकीर्दीवरून लिहितात. इथे ती मेमरीतल्या प्रतीवरून लिहिली जाते. झिल वाचली जाते ती फक्त सर्व्हर अचानक बंद पडून पुन्हा उठल्यावर. म्हणूनच झिल वेगळ्या एसएसडीवर ठेवली (त्या उपकरणाला ‘स्लॉग’ म्हणतात) तरी तो राइट कॅश होत नाही. डेटा त्यातून डिस्ककडे जात नाही. कमी होतो तो फक्त होकार मिळेपर्यंतचा वेळ.

एनएफएसला हा वेळ फार छळतो. सर्व्हर मध्येच बंद पडून परत आला तरी क्लायंटचं काम बिनघोर पुढे चालावं, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे ‘नवी फाइल तयार झाली’ असं सांगण्याआधी ती नोंद कायमची झालेली असावी लागते. लिनक्सचा क्लायंट फाइल बंद करतानाही आधी पाठवलेलं सगळं पक्कं करून मागतो.

आता 20,000 छोट्या फाइलींचा एक टार एनएफएसवर उलगडायचा आहे असं धरा. प्रत्येक फाइल 10 केबीची, म्हणजे एकूण 200 एमबी. गिगाबिट केबलसाठी हे दोनेक सेकंदांचं काम. पण प्रत्येक फाइलीमागे तीन थांबे येतात: फाइल तयार करणे, तिची वेळ-परवानग्या लावणे आणि शेवटी मजकूर पक्का करणे. 7200 आरपीएमच्या डिस्कची एक फेरीच 8.3 मिलिसेकंदांची, तेव्हा दर थांब्याला 10 मिलिसेकंद धरू. 60,000 थांब्यांचे 600 सेकंद झाले. दहा मिनिटं! आणि एवढा वेळ नेटवर्क जवळजवळ रिकामं. चांगल्या स्लॉगवर थांबा 0.1 मिलिसेकंदाचा असेल, तर हेच 600 सेकंद 6 वर येतात. नेटवर्कच्या फेऱ्यांचा वेळ अर्थात तसाच राहतो.

याउलट 4 जीबीचा एकच व्हिडिओ कॉपी केला तर थांबे मोजकेच येतात, तिथे स्लॉगने फारसा फरक पडत नाही. वाचनाला तर त्याचा काहीच उपयोग नाही. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयची गोष्ट वेगळी. एनएफएसवर ठेवलेल्या व्हर्च्युअल मशीनचं प्रत्येक लेखन ते पक्कं करून मागतं, त्यामुळे तिथे स्लॉगचा फायदा लगेच जाणवतो.

पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी जरूर करा. टाकाऊ डेटाच्या एका डेटासेटवर सिंक बंद करून तेच काम पुन्हा चालवा.

```
zfs set sync=disabled tank/chachni
zfs inherit sync tank/chachni
```

पहिल्या ओळीनंतर जो वेळ लागेल, त्याहून कमी वेळ कुठलाही स्लॉग देणार नाही. फरक किरकोळ असेल तर अडचण दुसरीकडे आहे. दुसरी ओळ विसरू नका. सिंक बंद ठेवून वीज गेली तर पूल शाबूत राहतो, पण क्लायंट ज्याला जतन झालेलं समजतो ते शेवटच्या काही सेकंदांचं लेखन नाहीसं होतं. व्हर्च्युअल मशीनची आतली फाइल सिस्टिम अशानेच बिघडते.

स्लॉगसाठी एसएसडी घेताना मी आधी पाहतो ते वीज जाताना डेटा वाचवणारे कपॅसिटर. ते नसलेल्या घरगुती एसएसडीला प्रत्येक वेळी डेटा थेट फ्लॅशवर उतरवावा लागतो आणि तिचा जाहिरातीतला वेग तिथे टिकत नाही. आकार मात्र लहान चालतो. 10 गिगाबिट नेटवर्कमधून 5 सेकंदांत जास्तीत जास्त सव्वासहा जीबी येऊ शकतात. दोन गठ्ठे एकदम वाटेत धरले तरी 16 जीबी पुरतात. चालू सर्व्हरमध्ये स्लॉग मेला तर झिल पुन्हा मुख्य डिस्कांवर जाते, डेटा मेमरीत असतोच. नुकसान होतं ते स्लॉग आणि वीज एकदमच गेले तर. ही जोखीम नको असेल तर दोन उपकरणांचा मिरर करा.

स्लॉग बसवल्यावर रोजचं काम चालू असताना हे पाहा:

```
zpool iostat -v tank 1
```

`logs` खालच्या ओळीत लेखनाचे आकडे हलायला हवेत. वाचनाचा रकाना शून्यावरच राहील. लेखनही शून्यच दिसलं, तर तुमच्या कामात सिंक लेखन नाही. `zpool remove` करून ती एसएसडी दुसरीकडे वापरा.