कोल्ड चेनच्या परीक्षेतला 'सरासरी'वाला प्रश्न : इथेच बरेच जण चुकतात

वेअरहाऊस आणि लॉजिस्टिक्सच्या सर्टिफिकेट परीक्षांची तयारी करत असाल तर कोल्ड चेनवर एक ठरलेल्या पठडीतला प्रश्न हमखास भेटतो. मी सराव परीक्षेत तो अगदी आत्मविश्वासाने चुकवला होता. साधारण असा होता :

2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या हिपॅटायटिस बी लसीचा बॉक्स 4 तासांच्या प्रवासानंतर आला. आतल्या डेटा लॉगरने दर 10 मिनिटांनी नोंद केली आहे. पहिल्या 7 नोंदी −1 अंश, पुढच्या 12 नोंदी 5 अंश, शेवटच्या 6 नोंदी 8 अंश. आता काय कराल? (अ) माल स्वीकारा, (ब) लगेच फेकून द्या, (क) वेगळा ठेवून कळवा, (ड) फ्रिजमध्ये ठेवून पुढे पाठवा.

मी मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडला. −7 अधिक 60 अधिक 48 म्हणजे 101, भागिले 25, उत्तर साधारण 4 अंश. एकदम मधोमध! मी (अ) ठोकला. बरोबर उत्तर (क) होतं.

सरासरी इथे फसवते, कारण लसीला सरासरी तापमान लागत नाही, तिला प्रत्येक मिनिटाचं तापमान लागतं. पहिल्या 7 नोंदी म्हणजे सलग 60 मिनिटं शून्याच्या खाली. लसीच्या फ्रिजमध्ये वापरल्या जाणाऱ्या लॉगरचा अलार्म साधारणपणे असाच लावलेला असतो : −0.5 अंश किंवा त्याखाली 60 मिनिटं गेली की वाजतो. उलट 8 अंशांच्या वर मात्र सलग 10 तास गेल्यावर वाजतो. हा फरक बघा. आपल्याला वाटतं गरमी हाच शत्रू, पण या लसीसाठी थंडी जास्त घातक आहे.

याचं कारण लसीच्या आत आहे. हिपॅटायटिस बी, डीपीटी, पेंटाव्हॅलंट अशा लसींमध्ये औषधाचा भाग अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराच्या बारीक कणांना चिकटलेला असतो. द्रव गोठला की ते कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि लसीची ताकद जाते. नंतर वितळवली तरी ती परत येत नाही, आणि नुसती बाटली बघून हे सांगता येईलच असं नाही. लसीच्या बाटलीवर रंग बदलणारा चौकोन असतो ना, व्हीव्हीएम? तो फक्त गरमी दाखवतो. गोठण्याबद्दल तो काहीच बोलत नाही, म्हणून 'व्हीव्हीएम ठीक आहे, स्वीकारा' असा पर्याय दिसला तर सावध.

मग (ब) का नाही? कारण लॉगर बॉक्समधली हवा मोजतो, बाटलीतला द्रव नाही. हवा −1 झाली तरी द्रव थंड व्हायला वेळ लागतो, त्यामुळे लस गोठलीच असं सिद्ध होत नाही. बाटल्या घट्ट गोठलेल्या दिसल्या तर प्रश्नच नाही, त्या बाद. शंका असेल तर शेक टेस्ट करतात. त्याच कंपनीच्या, त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम रात्रभर गोठवून वितळवायची. ती आणि संशयातली बाटली दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या आणि 30 मिनिटांपर्यंत बघायचं. गोठवलेल्या बाटलीत गाळ पटापट खाली बसतो. संशयातलीतही तितक्याच वेगाने किंवा आणखी लवकर बसला तर ती गेली. हळू बसला तर वापरण्यासारखी. ही टेस्ट फक्त अ‍ॅल्युमिनियमवाल्या लसींना लागू पडते. आणि ती करायची की नाही, हे ठरवणं गोदामातल्या माणसाचं काम नाही. त्याचं काम : बॉक्स 2 ते 8 मध्येच, पण वेगळा, 'वापरू नका' अशी चिठ्ठी लावून ठेवणं आणि क्वालिटीवाल्यांना कळवणं. (ड) यामुळेच चुकतो. त्यात माल फ्रिजमध्ये जातो खरा, पण कोणालाच काही कळत नाही.

आता मागे जाऊ : −1 आलं कुठून? प्रवासाच्या सुरुवातीलाच आलंय, त्यामुळे माझा पहिला संशय आईस पॅकवर. डीप फ्रीझरमधून काढून थेट बॉक्समध्ये ठेवला तर पॅक −20 च्या आसपास असतो आणि शेजारच्या बाटल्या गोठवू शकतो. म्हणून तो आधी बाहेर ठेवून 'कंडिशन' करतात. ओळखायचं कसं? पॅक कानाशी धरून हलवायचा, आत पाण्याचा खळखळ आवाज आला की तयार. घाईच्या सकाळी हीच पायरी वगळली जाते.

आणखी एक बारीक गोष्ट, जी दुसऱ्या प्रश्नात विचारली होती. माल आला की लॉगरची नोंद आधी डाउनलोड करा, मग बॉक्स रिकामा करा. लॉगर तसाच फ्रिजमध्ये गेला तर तो तिथलं तापमानही नोंदवत राहतो आणि गाडीतला बिघाड नेमका कुठे संपला, हे शोधणं अवघड होतं.