कोड नाही म्हणजे दोष नाही?

जुनी गाडी घेताना ओबीडी स्कॅनर सोबत न्या. साधा ब्लूटूथ स्कॅनर हजार रुपयांच्या आसपास मिळतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो लावा, चावी ‘ऑन’ करा आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये साठलेले कोड वाचा. P0420 दिसला, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याची शंका घ्यावी. कधी दोष नुसत्या सेन्सरचा किंवा सायलेन्सरच्या गळतीचा असतो, म्हणून मेकॅनिककडून खात्री करून मगच भाव करा.

एकही कोड नसेल, तर मात्र जास्त सावध व्हा. विकणारा दहा सेकंदांत कोड पुसू शकतो. पण पुसताना ‘रेडिनेस मॉनिटर’ही कोरे होतात, आणि ते पूर्ण व्हायला गाडी काही दिवस चालावी लागते. ॲपमध्ये बरेच मॉनिटर ‘incomplete’ असतील आणि कोड पुसल्यापासूनचं अंतर जेमतेम चार किलोमीटर असेल, तर कारण विचारा. बॅटरी बदलल्यानेही असं होतं. आठवडाभराने पुन्हा तपासू द्या म्हणावं. मालकाने टाळाटाळ केली, तर व्यवहार सोडावा.

क्लच, सस्पेन्शन, गंज आणि अपघाताच्या खुणा मात्र स्कॅनरला दिसत नाहीत.