मूल एकटे विमानाने जाणार? तिकिटाआधी ‘घ्यायला कोण येणार’ ते ठरवा

पुण्यात राहणारी अकरा वर्षांची मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरला आजी-आजोबांकडे जाणार आहे. आई-बाबांना रजा नाही. अशा वेळी मुलीला एकटीने विमानातून पाठवता येते. विमान कंपन्यांच्या भाषेत असा प्रवासी म्हणजे ‘अनअकम्पनीड मायनर’, अर्थात सोबत मोठे माणूस नसलेले मूल. ही सोय नेमकी कशी मिळते, ते या उदाहरणातून पाहू.

वयाची अट काय?

भारतातील देशांतर्गत प्रवासात साधारण नियम असा, की पाच वर्षांखालील मुलाला एकटे नेले जात नाही. पाच पूर्ण ते बारा वर्षांखालील मुलासाठी ही सेवा घ्यावीच लागते. बारा पूर्ण झाल्यावर मूल एकटे प्रवास करू शकते आणि काही कंपन्या त्यानंतरही पालकांनी मागितल्यास ही सेवा देतात.

वय मोजले जाते ते प्रवासाच्या दिवशीचे, बुकिंगच्या दिवशीचे नव्हे. समजा, मुलगी ५ मे रोजी निघणार, २० मे रोजी तिला बारा पूर्ण होणार आणि १ जूनला ती परतणार. मग जाताना सेवा सक्तीची आणि येताना ऐच्छिक. म्हणून कंपनीशी बोलताना दोन्ही तारखा आणि जन्मतारीख सांगावी.

बुकिंग कसे करायचे?

बुकिंगच्या संकेतस्थळांवर फक्त मुलाचे तिकीट काढू गेल्यास सहसा सोबत प्रौढ प्रवासी मागितला जातो. तिकीट निघावे म्हणून काही जण मुलाला ‘प्रौढ’ दाखवतात. तिकीट निघतेही, पण विमानतळावर ओळखपत्रावरची जन्मतारीख पाहिली जाते आणि मुलाला परत पाठवले जाऊ शकते. त्यामुळे कंपनीच्या कॉल सेंटरला फोन करावा किंवा तिच्या कार्यालयात जावे आणि तेही काही दिवस आधी. एका विमानात अशी किती मुले घ्यायची, यावर मर्यादा असते. थेट विमान निवडावे, कारण वाटेत विमान बदलायचे असल्यास अनेक कंपन्या नकार देतात. बुकिंग झाल्यावर त्यात UMNR हा कोड नोंदवला आहे का, ते विचारून घ्यावे. हा कोड नसेल तर सेवा नोंदवलेली नाही असे समजावे.

शुल्क किती?

तिकिटाच्या भाड्याशिवाय वेगळे शुल्क द्यावे लागते. ते प्रत्येक फेरीला लागते आणि कंपनीनुसार बदलते. म्हणून बुकिंगच्या फोनवरच जाण्या-येण्याची एकूण रक्कम विचारावी. नातवंडे अमेरिकेत असतील तर तिथले नियम वेगळे आहेत. उदाहरणार्थ, अमेरिकन एअरलाइन्समध्ये ५ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी ही सेवा सक्तीची असून एका फेरीला १५० डॉलर आणि कर असे शुल्क आहे.

मूल एका हातातून दुसऱ्या हातात कसे जाते?

या सेवेचा कणा म्हणजे एक फॉर्म. त्यात मुलाला सोडायला येणारी आणि उतरल्यावर घ्यायला येणारी व्यक्ती यांचे नाव, पत्ता, फोन आणि मुलाशी नाते लिहायचे असते. मुलाचे ओळखपत्रही लागते. आई-वडिलांसोबत जाताना ते लागत नाही. एकट्या मुलाला आधार कार्डासारखे ओळखपत्र जवळ ठेवावेच लागते.

पुण्याच्या काउंटरवर वडील सही करून मुलीला कर्मचाऱ्याच्या ताब्यात देतात. तो कर्मचारी तिला सुरक्षा तपासणीतून नेऊन विमानात केबिन क्रूकडे सोपवतो. नागपूरला क्रू तिला तिथल्या कर्मचाऱ्याकडे देतो आणि तो आजोबांचे मूळ ओळखपत्र फॉर्मशी जुळवून, त्यांची सही घेऊन तिला सोडतो. विमान उडेपर्यंत वडिलांनी विमानतळ सोडायचा नसतो, कारण उड्डाण रद्द झाले तर मुलीला त्यांच्याच ताब्यात परत दिले जाते.

कुठे अडते?

बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यावर. आजोबांच्या गुडघ्याने ऐनवेळी दगा दिला आणि काका विमानतळावर गेले, तर मुलीने ‘हे माझे काका’ असे सांगूनही चालत नाही. फॉर्मवर नाव आजोबांचे आहे. फॉर्मवर ‘आबा’ किंवा ‘नाना’ असे घरचे नाव लिहिले आणि ओळखपत्रावर वेगळेच असले, तरी खोळंबा होतो.

बदल करायचा असेल तर विमान सुटण्याआधी वडिलांनीच कंपनीला कळवायला हवा. घ्यायला कोणीच आले नाही तर मूल कंपनीच्या ताब्यात राहते, पालकांना फोन केले जातात आणि वेळप्रसंगी मुलाला पालकांच्या खर्चाने परत पाठवले जाते. म्हणून दिवसाचे शेवटचे विमान टाळावे. फॉर्ममध्ये दुसऱ्या व्यक्तीचे नाव देता येते का, हेही बुकिंगच्या वेळीच विचारावे. येत असेल तर काकांचे नाव त्याच दिवशी लिहून टाकावे.