शुभेच्छापत्रावरील आयत

विवाहाच्या शुभेच्छापत्रावर कुराणातील ‘अर-रूम’ या 30व्या सूरेतील 21वी आयत अनेकदा इंग्रजी मजकुरासोबत आढळते. अशा पत्राच्या छायाचित्रावरून सर्व मजकूर अरबीत आणायचा असेल, तर इंग्रजी अभिनंदनाचा अनुवाद करावा. आयतीचा मात्र करू नये. तिच्या इंग्रजी भाषांतरातील प्रेमवाचक शब्दासाठी अनुवादक सहज ‘हुब्ब’ लिहून जातो. मूळ शब्द आहे ‘मवद्दा’. अर्थ जवळचा, पण ती आयत उरत नाही! म्हणून सूरेचा व आयतीचा क्रमांक पाहून छापील कुराणातील पाठ जसाच्या तसा उतरवावा. केवळ छायाचित्रावर विसंबू नये. त्यात नुक्ते पुसट झाले, की ‘बे’ आणि ‘ते’ यांतील भेद हरवतो. पत्रावर आयतीचा अंशच असेल, तर तेवढाच घ्यावा.