मध्यरात्रीनंतर चालू राहिलेला रेडिओ

आपल्याकडचे बरेचसे प्रीपेड प्लॅन रोज दीड किंवा दोन जीबी डेटा देतात आणि हा रोजचा कोटा सहसा मध्यरात्री बारा वाजता नव्याने सुरू होतो. झोपताना गाणी किंवा रेडिओ ऐकणाऱ्यांनी ही वेळ लक्षात ठेवायला हवी. रात्री अकराला लावलेला रेडिओ पहिला एक तास आजच्या उरलेल्या डेटावर चालतो. बारानंतर मात्र तो उद्याचा डेटा खातो. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑनलाइन क्लास अडखळू लागला की लोक नेटवर्कला दोष देतात; रात्रीचा रेडिओ कुणाच्या लक्षातही येत नाही.

हिशेब सोपा आहे. बरीच इंटरनेट रेडिओ केंद्रं सेकंदाला १२८ किलोबिट वेगाने आवाज पाठवतात, म्हणजे तासाला साधारण ५८ एमबी. समजा, तुम्ही अकराला रेडिओ लावलात, साडेअकराला झोप लागली आणि साडेसहाला जाग आली. साडेसात तासांत सुमारे ४३० एमबी गेले. त्यातले जवळपास ३७५ बारानंतरचे, म्हणजे दीड जीबीतला पाव हिस्सा सकाळी डोळे उघडायच्या आत संपलेला. टायमर अर्ध्या तासाचा असता, तर सगळा खर्च २९ एमबीवर थांबला असता.

म्हणून मी आधी टायमर लावायला सांगेन, आवाजाच्या दर्जाचं नंतर बघू. स्पॉटिफायमध्ये गाणं चालू असताना तीन टिंबं दाबली की Sleep timer दिसतो. पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंतची वेळ निवडता येते किंवा चालू गाणं संपल्यावर थांब असंही सांगता येतं. तो रोज नव्याने लावावा लागतो आणि नेमकं तेच पेंगुळलेल्या माणसाकडून राहून जातं. पॉडकास्ट ऐकणाऱ्यांसाठी अँटेनापॉड या मोफत अ‍ॅपमध्ये त्यावर छान सोय आहे: ठरावीक वेळेत काहीही लावलं की टायमर आपोआप सुरू होतो. आयफोनवर अ‍ॅपमध्ये टायमर नसला तरी अडत नाही. घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये टायमर उघडा, When Timer Ends दाबा आणि यादीच्या अगदी तळाशी असलेलं Stop Playing निवडा. वेळ संपली की घंटी वाजत नाही, चालू असलेला आवाज थांबतो.

आता डेटा वाचवणाऱ्या बटणाकडे येऊ, कारण त्याच्याबद्दल मोठा गैरसमज आहे. अँड्रॉइडच्या सेटिंगमधला Data Saver मुख्यतः आपण वापरत नसलेल्या अ‍ॅपना मागच्या मागे डेटा घेण्यापासून रोखतो. आपण स्वतः लावलेला रेडिओ त्याला वापरातलाच वाटतो आणि तो पूर्ण वेगाने चालू राहतो. आयफोनवरचा Low Data Mode मोबाइल डेटाच्या पर्यायांमध्ये सापडतो. तो अ‍ॅपना ‘जपून घ्या’ एवढं कळवतो. किती जपायचं ते बरंचसं अ‍ॅपच्या हातात असतं. दोन्ही चालू ठेवाच, कारण रात्रीचे फोटो बॅकअप आणि अपडेट त्यामुळे आवरतात. पण ऐकण्याचा खर्च खरोखर उतरतो तो अ‍ॅपच्या आतल्या आवाजाच्या दर्जाने. स्पॉटिफायचा सर्वांत खालचा दर्जा सेकंदाला साधारण २४ किलोबिटचा आहे, तासाला जेमतेम ११ एमबी. सतारीचे बारकावे त्यात हरवतात, हे खरंच. गप्पा आणि कथावाचन मात्र नीट कळतं.

कमी दर्जाचा आणखी एक उपयोग आहे. कोटा संपला की काही कंपन्या नेट बंद न करता वेग ६४ किलोबिटवर आणतात. १२८ चा रेडिओ तिथे दर काही सेकंदांनी अडकतो, २४ चा प्रवाह मात्र त्यातून जाऊ शकतो.

यूट्यूबवर भजनं किंवा पावसाचा आवाज लावून झोपणाऱ्यांचा खर्च याहून कितीतरी अधिक असतो. तिथे आवाजासोबत चित्रही येत राहतं आणि ऑटोप्ले बंद केला नसेल, तर एक संपलं की दुसरं सुरू होतं. तान्ह्या बाळासाठी पावसाचा आवाज किंवा रियाज करणाऱ्याला तानपुरा रात्रभर हवाच असेल, तर तिथे टायमरही कामाचा नाही. अर्ध्या तासाची ध्वनिफीत वायफायवर एकदा उतरवून घ्या. ६४ किलोबिटची असेल तर ती १५ एमबीच्या आत बसते. व्हीएलसीमध्ये ती पुन्हापुन्हा वाजण्यावर ठेवा आणि मोबाइल डेटा बंद करा. फोन मात्र चालू राहतो, त्यामुळे रात्री कुणाचा कॉल आला तर लागतो.

हे सगळं जमलं की नाही, ते तपासायला झोपण्याआधी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या डेटा वापराचा आकडा पाहून ठेवा आणि उठल्यावर पुन्हा पाहा. अर्ध्या तासाच्या टायमरनंतर फरक तीसच्या आसपास हवा. तो शंभराच्या पुढे गेला असेल, तर बहुधा टायमर लागलाच नव्हता.